कथा: सरळ रेघ

सांजवाट

बऱ्याच दिवसांनी काहीतरी लिहिलंय. कथा आहे, अनुभवकथन नाही (निदान सगळं तरी नाही). घड्याळाबद्दल काही चुकलं असेल तर बिनधास्त सांगा.

---

रेवाने हात लांब केला आणि सूर्य व डोंगरकड यांच्यामध्ये बोटं आडवी धरली. दोनच मावली. एका बोटाला पंधरा मिनिटं धरली तर अर्धा तास. त्यानंतर पायाखालचं दिसेल ते फार तर वीस-पंचवीस मिनिटं.

येताना पायवाट कातळावर नेमकी कुठे विरली हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. घळीचं तोंड समोरच्या कडेला कुठेतरी होतं. पण दुपारी ओळखीची वाटलेली कड आता सगळीकडून सारखीच दिसत होती, आणि तीन ठिकाणी ती खाली उतरत असल्याचा भास होत होता.

तिने मनगट वर केलं. बटण दाबून यादीतलं `Back to Start` निवडलं. घड्याळाने दोन पर्याय पुढे केले, `TracBack` आणि `Straight Line`. दुसऱ्यावर अंगठा क्षणभर रेंगाळला. सरळ गेलं तर पायथा २.२ किलोमीटर होता, आल्या वाटेने ४.८. पण त्या २.२ मध्ये एक अख्खा कडा होता. तिने पहिला पर्याय निवडला.

पडद्यावर दुपारची तिची वाट उमटली आणि तिच्यावर एक छोटा बाण. बाण कडेपासून दूर, भलतीकडेच तोंड करून होता. ती थबकली, मग जागच्या जागी वळली. बाणही वळला, पण उशिरा आणि चुकीच्या दिशेने. तेव्हा तिला आठवलं की उभ्या माणसाचं तोंड कुठे आहे हे उपग्रहांना कळत नाही. अदमासाने ती पंधरा-वीस पावलं चालली. बाण गर्रकन फिरला, रेघेशी काटकोनात आला आणि तिथे ठरला. ती रेघेच्या दिशेला वळली.

घळीच्या तोंडाशी एक मोठा धोंडा होता. दुपारी ती त्याला टेकून बसली होती आणि घड्याळातली उंची बघितली होती, १०६४ मीटर. आता त्याच धोंड्यापाशी १०५७ दिसत होती. धोंडा काही खचला नव्हता. हवेचा दाब वाढला होता. म्हणजे आता सगळीकडे सात मीटर कमी दिसणार. तिने ते मनात बांधून घेतलं.

घळीत शिरल्यावर रेघेचा उपयोग संपला. दोन्ही बाजूंना भिंती आणि वर आकाशाची चिंधी. दुपारी चढताना नोंदलेली वाट वेड्यावाकड्या टाक्यांसारखी होती, एका ठिकाणी तर ती सरळ डावीकडच्या भिंतीत घुसून बाहेर आली होती. पण घळीतून उतरायला वाट एकच असते. रेवाने मनगट खाली केलं आणि दोन्ही हात दगडांसाठी मोकळे ठेवले. प्रश्न एवढाच होता की घळ सोडून उजवीकडे आडव्या वाटेला कुठे लागायचं. ते ठिकाण चुकलं तर घळ पुढे तुटलेल्या टप्प्यावर जाते. चढताना तिथे तिने बुटाची नाडी बांधली होती आणि सहज आकडा पाहिला होता, ९०५. तेव्हा आता ८९८.

९१० ला तिने डोक्यावरचा दिवा लावला. ९०१ ला थांबून उजवीकडे प्रकाश फिरवला. झुडपांत माणूस शिरेल एवढी फट होती.

आडव्या वाटेवर पाऊल पडलं तसा घड्याळाचा बाण पुन्हा रेघेवर येऊन बसला. आता ही रेघ धरून चालायचं, एवढंच. ती दोनशे मीटर चालली असेल. मग तिने पुढची वाट पाहण्यासाठी नकाशा लहान केला आणि जागीच थांबली.

पुढची रेघ सरळ होती. पट्टीने आखल्यासारखी. चारशेतीस मीटर, मध्ये एक वळण नाही, एक थरथर नाही. डोंगरात माणूस चारशे मीटर सरळ चालत नाही. चाळीसही चालत नाही.

मग तिला झरा आठवला. तिथे पाणी भरताना तिने नोंद थांबवली होती आणि निघताना पुन्हा सुरू करायची राहून गेली होती. लक्षात आलं तेव्हा ती बरीच पुढे आली होती. घड्याळाने काय केलं? शेवटचा ठिपका झऱ्याजवळचा, पुढचा ठिपका इथला. दोन्ही जोडून टाकले. मधे डोंगर आत वळलेला होता आणि वाट त्या खोबणीच्या कडेकडेने फिरून आली होती. रेघ मात्र खोबणीच्या या ओठावरून त्या ओठावर, हवेतून गेली होती.

तिने खिशातल्या कागदापेक्षा आधी घड्याळाचाच हिशेब मागितला. निघाल्यापासूनचा वेळ आणि नोंदीचा वेळ यांत १४ मिनिटांचा फरक होता. झऱ्यावर पाच मिनिटं गेली असतील. उरली नऊ. ताशी चार किलोमीटरने नऊ मिनिटांत सहाशे मीटर. म्हणजे खरी वाट साधारण सहाशे मीटरची, रेघेपेक्षा लांब, आणि डोंगराच्या पोटाशी. दोन्ही टोकांची उंची जवळजवळ सारखीच होती. वाट सपाट असणार.

ती निघाली. पन्नास पावलांत घड्याळ थरथरलं: वाट सुटली. तिने मनगटावर हात दाबला, जसा बडबड्या माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा. अंतर वाढत गेलं. रेघेपासून ४० मीटर, ७०, ११०. अंधारात झाडं सरकत होती. कुठेतरी वाटेला फाटा होता. तिला तो दिसलाच नाही, पाय आपसूक ठळक वाटेला लागले. उंचीचा आकडा ८९७ चा ८९१ झाला, मग ८८४. साठ पावलांत तेरा मीटर. दुपारी वाट इतकी चढली असती तर तिला धाप लागली असती. ती वळली, मोजून साठ पावलं मागे आली आणि फाटा दिव्यात पकडला. वरची वाट बारीक होती, गवताने झाकलेली.

रेघेपासूनचं अंतर आता कमी होऊ लागलं. ९०, ६०, ३५. आधी पाण्याचा आवाज आला, मग घड्याळ थरथरलं. झऱ्याकाठच्या चिखलात दिवा पडला. तिथे एका बुटाचा ठसा होता, तिच्याच. टाच तिच्याकडे नव्हती, चवडा होता.

---

उनाड

मस्त! शेवटचं वाक्य दोनदा वाचलं तेव्हा कळलं. पुलेशु.

नवशिकी

आवडली. एक बाळबोध शंका. डोंगरात फोनला रेंज नसते, मग घड्याळाला तिची वाट कशी कळली? की तिने नकाशा आधीच उतरवून घेतला होता?

यंत्रवेडा

@नवशिकी, रेंजचा काही संबंध नाही. घड्याळ उपग्रहांचं फक्त ऐकतं, स्वतः काहीच पाठवत नाही. आणि आल्या वाटेने परतायला नकाशाही लागत नाही, कोऱ्या पडद्यावर नुसती रेघ असली तरी काम होतं.

लेखिकेला दोन सूचना. एक, रेवाने हाताने नोंद थांबवण्यापेक्षा आपोआप थांबण्या-सुरू होण्याची सोय चालू ठेवली असती तर हा घोळच झाला नसता. दोन, उंचीचं ते सात मीटरचं गणित कथेला जड झालंय. घड्याळ उंचीसुद्धा उपग्रहांवरूनच घेतं, ती दाबाने बदलत नाही.

जुनाजोडा

रेंजबद्दल यंत्रवेडा यांचं बरोबर. बाकी दोन्ही सूचनांवर थोडं बोलतो, कारण दुसऱ्या कुणी त्या मनावर घेतल्या तर पंचाईत होईल.

आपोआप थांबणारी नोंद ही रस्त्यावर धावणाऱ्यांसाठी आहे. सिग्नलला थांबलात की वेळ मोजणं थांबतं. ती ठरते वेगावर. घळीत दगडाला हात घालून वर चढताना तुमचा आडवा वेग इतका कमी असतो की घड्याळाला वाटतं तुम्ही उभे आहात. मग ते नोंद थांबवतं, तुम्ही दोन पावलं टाकली की सुरू करतं, परत थांबवतं. म्हणजे जिथे वाट सगळ्यात अवघड, नेमकी तिथेच रेघ तुटक. रेवाच्या हातून एक मोठी सरळ रेघ झाली, या सोयीने दहा छोट्या झाल्या असत्या, आणि त्या छोट्या असल्याने नजरेतही भरल्या नसत्या. डोंगरात ही सोय बंदच ठेवावी आणि हाताने थांबवायच्या भानगडीतही पडू नये. झऱ्यावर पाच मिनिटं बसलात तर बसा, घड्याळ चालू राहू दे. सरासरी वेग थोडा वाईट दिसेल, एवढंच.

उंचीबद्दल: दाबमापक असलेली आणि नसलेली, दोन्ही प्रकारची घड्याळं मिळतात. ज्यात दाबमापक नाही त्यात उंची उपग्रहांवरून येते आणि ती आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते. अशा घड्याळावर ९०१ आणि ८९८ मधला फरक बघायला जाऊ नये. दाबमापकाचं उलटं आहे. त्याचा मूळ आकडा हवेबरोबर सरकतो, पण थोड्या वेळातला चढउतार ते बारीक पकडतं. त्या उंचीला एक हेक्टोपास्कल म्हणजे नऊ मीटरच्या आसपास. दुपारी चारच्या सुमाराला दाब दिवसातल्या कमीत कमीच्या जवळ असतो आणि रात्री दहापर्यंत वाढत जातो. दाब वाढला की घड्याळाला वाटतं आपण खाली आलो. रेवाचा धोंडा सात मीटर "खचला" तो त्यामुळे. त्यामुळे कथेतलं गणित मला जड वाटलं नाही, उलट तेच आवडलं.

यंत्रवेडा

दाबमापकाचं मान्य. माझ्या घड्याळात तो आहे हे आत्ता पेटीवर वाचलं :)

आपोआप थांबण्याचं मात्र पूर्ण पटलं नाही. माझ्या घड्याळात किती वेगाखाली थांबायचं ते आपण ठरवू शकतो.

जुनाजोडा

ठरवू शकता, पण शून्य ठरवलंत तर ती सोय बंद केल्यासारखीच झाली ना?

रानवेडी

मला एक शंका येते. दाबमापक असलेली काही घड्याळं चालता चालता उपग्रहांवरून उंची स्वतःच दुरुस्त करत राहतात. रेवाच्या घड्याळाने मधेच तसं केलं असतं तर तिचा सात मीटरचा हिशेब कोसळला नसता का?

जुनाजोडा

कोसळला असता. आणि घळीत तर हमखास, कारण तिथे उपग्रहांचे संकेत भिंतींवर आपटून येतात. म्हणून मी ती आपोआप दुरुस्ती बंद ठेवतो आणि ओळखीच्या जागी हाताने आकडा घालतो. सगळे असं करत नाहीत, मला माहीत आहे.

हरवलेली टोपी

माझा किस्सा. एकदा पठारावर टोपी उडाली. अर्धा तास शोधत फिरलो, सापडली नाही. परतताना हीच सोय लावली. घड्याळाने मला इमानेइतबारे तो अख्खा अर्धा तास परत फिरवलं! उजवीकडे जा, मागे वळ, गोल फिर. मी आपला आज्ञाधारक. तिसऱ्या गोलाला लक्षात आलं की मी टोपी शोधतोय. (दुसऱ्यांदाही सापडली नाही.)

जुनाजोडा

@हरवलेली टोपी, हसलो. पण हे सगळ्यांचं होतं. घड्याळाला वाट माहीत नसते, तुम्ही कुठे कुठे गेलात तेवढंच माहीत असतं. तुमच्या चुकाही त्यात आल्याच. असा गुंता दिसला की नकाशा लहान करायचा आणि गुंत्यात आत येणारं टोक आणि बाहेर जाणारं टोक तेवढी बघायची. उघड्या सपाट जागेवर, समोरचं दिसत असेल तर, मधला गुंता सोडून थेट त्या टोकाला जाता येतं. झाडीत किंवा उतारावर मात्र नको, कारण तो गुंता एखादा कडा चुकवायलाही झालेला असू शकतो.

पंख

खूप छान माहिती. मला आईसाठी पावलं मोजणारं घड्याळ घ्यायचं आहे. ती रोज बागेत चालते. तिला ही परतीची सोय लागेल का?

उनाड

@पंख, बागेला फाटक एकच असेल तर नाही लागणार :) पावलांसाठी साधं घड्याळ पुरे. वेगळा धागा काढा, इथे सगळे डोंगरात आहेत.

नवशिकी

अजून एक. बॅटरी वाचवायच्या पर्यायावर घड्याळ ठेवलं तर ही रेघ येते का? माझं घड्याळ पूर्ण दिवस टिकत नाही म्हणून मी कायम तोच पर्याय ठेवते.

जुनाजोडा

येते, पण कशी ते बघा. अशा पर्यायात काही घड्याळं जागेची नोंद मिनिटाला एकदा किंवा त्याहून कमी करतात. ताशी तीन किलोमीटरने चालताना एका मिनिटात तुम्ही पन्नास मीटर जाता. त्या पन्नास मीटरांत वाट दोनदा वळली असेल तर रेघेत ती वळणं नाहीतच, दोन ठिपके सरळ जोडलेले. म्हणजे तुमची अख्खी वाट रेवाच्या त्या चारशेतीस मीटरांसारखी, फक्त छोट्या तुकड्यांत. सपाट रुंद वाटेवर चालून जातं. नागमोडी उतारावर ती रेघ तुम्हाला वळण सोडून सरळ खाली उतरा म्हणते.

घरी एकदा करून बघा. ओळखीच्या वळणावळणाच्या रस्त्याने एकदा रोजच्या पर्यायावर चाला आणि एकदा सेकंदाला नोंद करणाऱ्या पर्यायावर. दोन्ही रेघा शेजारी ठेवा. मग उजेडाचा पर्याय मंद करून, फोनशी जोडणी तोडून, सतत चालणारी नाडीची मोजणी बंद करून किती तास मिळतात ते पाहा. बहुतेक वेळा तेवढ्याने निभतं.

नवशिकी

धन्यवाद. रविवारी करते आणि रेघा इथे टाकते.

पाऊलखुणा

कथा चांगली, पण मला रेवाचा राग आला. येताना फाट्यावर एकदा मागे वळून पाहिलं असतं तर तो फाटा तिला परतताना दिसला नसता का? परतीची वाट ही वेगळी वाट असते, तिचं तोंडच वेगळं असतं. आम्ही प्रत्येक फाट्यावर उलटं वळून बघायचो. मनगटावर पडदा आला आणि मान वळायची बंद झाली.

सांजवाट

@पाऊलखुणा, राग रास्त आहे. पण एक सांगू का, फाट्यावर मागे वळून पाहायला आधी तो फाटा आहे हे कळावं लागतं. वर जाताना दोन वाटा एकत्र येतात तेव्हा त्या फाटा वाटत नाहीत, दुसरी वाट मागून येऊन अलगद मिळते. परतताना मात्र तिथे दोन तोंडं समोर उभी असतात. मला तरी असे फाटे कधीच जाताना दिसलेले नाहीत.

पाऊलखुणा

हं. हे खरं आहे. तरी मागे वळून पाहावंच.

रानवेडी

मला वेगळंच खटकलं. सरळ रेघ दिसली तेव्हा अंधार पडलेला होता. पुढे सहाशे मीटर नोंद नसलेली वाट, खाली उतार. त्यात शिरायला नको होतं. घळीच्या पायथ्याशी आडोसा होता, अंगावर घालायला काही असेल तर तिथे रात्र काढून उजाडता निघणं शहाणपणाचं.

जुनाजोडा

माझं मत थोडं वेगळं. तिच्याजवळ दिवा होता, दोन्ही टोकं पक्की होती, अंतराचा अंदाज होता आणि उंची ही तपासणी होती. तेरा मीटरला ती वळली हे महत्त्वाचं. पण मी असतो तर शिरण्यापूर्वीच आकडा ठरवला असता, दहा मीटर खाली किंवा वर गेलो की मागे, आणि सातशे मीटर झाले नि झरा आला नाही की मागे. तिने हे ठरवलेलं नव्हतं, चालता चालता सुचलं. तिथे ती नशिबाने वाचली.

रानवेडी

टोकं पक्की होती म्हणता, पण खोबणीच्या तोंडाशी घड्याळ दहा-पंधरा मीटर सहज चुकतं. एकाखाली एक दोन आडव्या वाटा असतील तर रेघेवर दोन्ही एकच दिसतात.

जुनाजोडा

दिसतात. तिथे उंचीच वाचवते, दाबमापक असेल तर. नसेल तर तुमचं म्हणणं बरोबर, मीही बसून राहिलो असतो.

यंत्रवेडा

माझ्या घड्याळात नोंद थांबवली तर तेवढ्या भागात रेघच तुटते, सरळ जोडत नाही. आत्ता गच्चीवर करून पाहिलं. म्हणजे कंपनीगणिक वेगळं दिसतंय. प्रत्येकाने आपापलं तपासून इथे लिहा ना.

हरवलेली टोपी

माझं सरळ जोडतं. आणि एक नवीन कळलं, नोंद थांबवून जतन केली तर त्या यादीत परत जायचा पर्यायच उरत नाही, जुन्या नोंदींत जाऊन शोधावं लागतं. वर पोचलो की लगेच जतन करायची सवय आहे मला.

सांजवाट

@रानवेडी, @जुनाजोडा, पहिल्या खर्ड्यात ती खरंच घळीशी बसून राहिली होती. मग कथाच पुढे सरकेना म्हणून तिला उठवलं. दहा मीटरचा आकडा आधी ठरवण्याचं आवडलं. चोरू का?

जुनाजोडा

चोरा. पण मग त्या फाट्यावर तिला साठ पावलं जाऊ देऊ नका, पंचेचाळीसलाच वळवा.